हीलची टिप झिजलीय आणि दुसऱ्या पायाची हील हलतेय: आधी काय करून घ्यायचं?

शलाका_डोंबिवली | ८ जुलै, रात्री ९:५०

काळ्या कोर्ट शूजची जोडी आहे, पातळ हील, साधारण तीन इंच. उजव्या हीलची टिप बाहेरच्या बाजूने पार उतरलीय आणि आता फरशीवर चालताना टक्‌ टक्‌ असा धातूचा आवाज येतो. डाव्या बुटाची टिप बरी आहे, पण हीलच थोडी हलते. हातात धरून मागे-पुढे केलं की जाणवते. लोअर परळ स्टेशनबाहेरचे मोची म्हणाले, "दोन्हीला टिप मारतो, हलणाऱ्या हीलला फेव्हिक्विक सोडून वरून एक खिळा ठोकतो, पाच मिनिटांचं काम." ठोकू द्यावं का? की आधी हील घट्ट करून मग टिप? बूट रोज लागतात, पण चार दिवस बाजूला ठेवता येतील.

खटपट्या | ८ जुलै, रात्री १०:१२

टिपचं काम घरीसुद्धा होतं. पक्कड घ्यायची, जुनी टिप ओढून काढायची, नवी हातोडीने ठोकायची. ऑनलाइन दहा-दहा जोड्यांची पाकिटं मिळतात. हील हलत असेल तर बूट आणि हीलच्या फटीत फेव्हिक्विक सोडा, रबर बँडने रात्रभर आवळून ठेवा. त्यावर एम-सीलचा पातळ हात फिरवला की पाणीपण शिरत नाही. मोचीला कशाला पैसे?

मृण्मयी | ८ जुलै, रात्री १०:३०

माझ्या सँडलचंपण असंच झालंय! दोन वर्षं कपाटात डब्यात होते, नवेकोरे. परवा घातले तर दादरच्या पुलावर टाचेचा तळ बिस्किटासारखा भुगा होऊन गळायला लागला. मोची म्हणतो होणार नाही. टिप बदलून काही होईल का?

रापी_आणि_आरी | ८ जुलै, रात्री ११:०५

मृण्मयी, तुमची केस वेगळी आहे. तुमच्या सँडलचा तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असणार. हवेतल्या दमटपणाने ते मटेरियल आतून सडतं, आणि न वापरता बंद डब्यात ठेवलं तरी सडतं. मुंबईत तर हमखास. त्याला ना चिकटवता येत, ना खिळा धरत. पूर्ण तळ काढून नवा लावणारे कारागीर आहेत, पण वरचा भाग चांगल्या चामड्याचा असेल तरच तो खर्च करा.

आता शलाका यांचा मूळ प्रश्न. तुमच्या दोन बुटांची दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हीवर एकच औषध चालणार नाही. क्रम विचारलात ते बरं केलंत: आधी हील, मग टिप. हील सैल असते तेव्हा ती थोडी कलंडून उभी असते. त्या कलंडलेल्या अवस्थेत टिप बसवून घासून सपाट केली, तर नंतर हील घट्ट केल्यावर ती सरळ होते आणि टिप एका कडेवर टेकायला लागते. मग महिन्याभरात तीच बाजू परत उतरते आणि लोक म्हणतात टिप हलकी निघाली.

उजवा बूट उद्यापासून घालू नका. टक्‌ टक्‌ आवाज म्हणजे प्लास्टिक संपून आतली पिन फरशीला लागतेय. पातळ हीलची टिप म्हणजे छोटा प्लास्टिकचा तुकडा, त्याच्या पोटात पोलादी पिन ओतलेली. ती पिन हीलच्या भोकात बसते. हीलच्या दांड्यात बहुतेक वेळा पोलादी नळी असते, नाहीतर एवढी बारीक हील माणसाचं वजन पेलणारच नाही. पिन एका बाजूने उघडी पडली की तीन गोष्टी होतात. एक, ग्रॅनाइटवर किंवा ओल्या स्टेशनच्या जिन्यावर ती घसरते. दोन, हीलभोवती गुंडाळलेलं चामडं खालून घासायला लागतं आणि एकदा का त्याची कड उलटली की वर वर सोलत जातं. तीन, टिपपाठोपाठ हीलचं प्लास्टिकच तिरकं झिजतं. टिप स्वस्त आहे, हीलचं तसं नाही.

खटपट्या | ८ जुलै, रात्री ११:२०

पण फेव्हिक्विकने काय बिघडतं? धरतं तर घट्ट.

रापी_आणि_आरी | ८ जुलै, रात्री ११:४८

धरतं, पण काचेसारखं धरतं. ते सुकून ठिसूळ होतं, आणि हील तर प्रत्येक पावलाला आपटते. दोन-चार दिवसांत तडकतं. शिवाय फट भरायचं काम त्याचं नाही, दोन पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण टेकले असतील तरच ते पकडतं. सैल हीलमध्ये मुळात फटच असते. त्याची वाफ काळ्या चामड्यावर पांढरी बुरशीसारखी बसते ते वेगळंच. सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या कारागिराला हील सुटी करता येत नाही, कारण आतला पुठ्ठा त्याच्यासकट फाटून येतो.

मूळ मुद्दा असा की हील बुटाला गोंदाने धरलेली नसतेच. ती आतून धरलेली असते. बुटात टाचेखाली जे पातळ अस्तर असतं, ज्यावर कंपनीचं नाव छापतात, त्याच्या खाली पुठ्ठा असतो आणि त्यातून हीलमध्ये मधोमध एक स्क्रू आणि भोवताली चार-पाच खिळे जातात. तुमची हील हलते म्हणजे यातलं काहीतरी सुटलंय. बाहेरून कितीही लेपलं तरी आतला स्क्रू घट्ट होणार नाही.

आबा_गिरगावकर | ९ जुलै, सकाळी ६:४०

आमच्या वेळी बुटाला लोखंडी नाल ठोकायचे. टाचेला अर्धचंद्राची नाल, की पाच वर्षं बघायला नको. या प्लास्टिकच्या टिकल्यांचं कौतुक कशाला? नाल मारून घ्या म्हणावं.

लोअरपरळकर_सीमा | ९ जुलै, सकाळी ८:१५

आबा, नाल रुंद टाचेच्या पुरुषी बुटांना. इथे हीलचा तळ करंगळीच्या नखाएवढा आहे, नाल मारणार कुठे? आणि हल्लीच्या लॉबीच्या गुळगुळीत फरशीवर नाल घालून चालून दाखवाच.

शलाका_डोंबिवली | ९ जुलै, सकाळी ९:०५

ट्रेनमधून लिहितेय. रापी, तुम्ही सांगितलंत तसं आत बघायला हवं. पण ते अस्तर काढायचं कसं? फाटलं तर? आणि खरंच स्क्रू सैल आहे की अजून काही मोडलंय, हे बाहेरून कळतं का?

रापी_आणि_आरी | ९ जुलै, दुपारी १:३०

कळतं, आणि ते आधीच बघा, कारण काही दुखण्यांत हात घालण्यात अर्थ नसतो.

एका हातात बुटाचा मधला भाग टाचेजवळ घट्ट धरा, दुसऱ्या हाताने हीलचा दांडा धरून मागे-पुढे आणि मग डावी-उजवीकडे हलवा. डोळे हील आणि बूट जिथे मिळतात त्या रेषेवर ठेवा. तिथे फट उघडते-मिटते, पण बाकी बूट हलत नाही, तर स्क्रू-खिळ्यांचं काम आहे. हे दुरुस्त होतं. फट अजिबात उघडत नाही तरी हील मागे जाते, आणि तळव्याच्या कमानीपाशी बूट वाकतो किंवा करकर वाजतो, तर कमानीतली पोलादी पट्टी, म्हणजे शँक, मोडलीय किंवा सुटलीय. त्यासाठी तळ उसवावा लागतो. बहुतेक जोड्यांना तो खर्च परवडत नाही. तिसरी शक्यता, दांड्यालाच चीर. हील किंचित वाकवून नखाने चाचपली तर चामड्याखाली पायरी लागते. ती हील बदलायची. चिकटवलेल्या दांड्यावर जिना उतरू नये.

अस्तर काढायला घाई नको. हेअर ड्रायर मंद उष्णतेवर ठेवून टाचेकडून अर्धा-एक मिनिट गरम हवा द्या, गोंद मऊ पडतो. मग मागच्या कडेला बोथट सुरी किंवा जुन्या चमच्याचं टोक घालून हळूहळू पुढे सोलत या. पूर्ण काढू नका, टाचेपासून दोन-अडीच इंच पुरे. खाली स्पंज असेल तर तोही उचला. काय दिसतं ते इथे लिहा: स्क्रू आहे का, खिळ्यांची डोकी वर आलीत का, आणि पुठ्ठा कोरडा कडक आहे की फुगून पापुद्रे सुटलेत.

वसईची_पोर | ९ जुलै, दुपारी २:१०

मधेच विचारते. हे पावसाळ्यातच का जास्त होतं? ऑफिसात जूनपासून तीन जणींच्या हील हलायला लागल्यात.

रापी_आणि_आरी | ९ जुलै, दुपारी २:४०

पुठ्ठ्यामुळे. तो दाबलेल्या तंतूंचा असतो. साचलेल्या पाण्यातून चाललं की पाणी वरून आत जातं, पुठ्ठा फुगतो आणि खिळ्यांची पकड ढिली होते. त्यात भर म्हणजे बूट ओला असतानाच दुसऱ्या दिवशी घालतात. तिसरं कारण पेव्हर ब्लॉक. दोन ब्लॉकच्या फटीत किंवा गटाराच्या जाळीत हील अडकली की आपण पाय पुढे ओढतो. तो झटका थेट त्या स्क्रूवर येतो. टिप असेल तर ती कधी कधी तिथेच राहते, आपल्या लक्षातही येत नाही.

लोअरपरळकर_सीमा | ९ जुलै, दुपारी २:५५

हील अडकली तर ओढू नये, आधी वजन दुसऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच सरळ वर उचलायची. पण मागून ६:०२ फास्टची गर्दी येत असते हेही आहेच.

शलाका_डोंबिवली | ९ जुलै, रात्री १०:२०

उघडलं! अस्तर न फाटता निघालं. डाव्या बुटात मधोमध एक स्क्रू आहे, प्लस आकाराचा. भोवती पाच खिळे. त्यातल्या मागच्या दोघांची डोकी वर आलीत, बोटाला लागतात. स्क्रू पिळून पाहिला, गोल गोल फिरतोय, घट्ट होतच नाही. स्क्रूभोवतीचा पुठ्ठा मऊ आहे, नखाने खरवडला तर भुसा निघतो. बाकीचा कडक आहे. शँक ठीक वाटते, कमान वाकत नाही.

खटपट्या | ९ जुलै, रात्री १०:३५

सोप्पं आहे. स्क्रू काढा, भोकात एम-सील भरा, स्क्रू परत घाला. दरवाज्याच्या बिजागरीला मी हेच करतो. आणि वर आलेले खिळे हातोडीने परत आत.

रापी_आणि_आरी | ९ जुलै, रात्री ११:१५

खटपट्या, अर्धं बरोबर आहे. वर आलेले खिळे त्याच भोकात परत ठोकले तर ते आठवड्याने परत वर येतील, कारण भोक आधीच मोठं झालंय. ते काढून टाकायचे.

शलाका, तुमच्याकडे दोन गोष्टी झाल्यात. स्क्रूचं हीलमधलं भोक झिजलंय आणि स्क्रूच्या डोक्याखालचा पुठ्ठा गेलाय. दुसरी दुरुस्त न करता पहिली केली तर स्क्रूचं डोकं मऊ पुठ्ठ्यातून आरपार खाली जाईल. मोचीला असं सांगा, किंवा हात बसलेला असेल तर स्वतः करा.

आधी बूट पूर्ण कोरडा करा. आत वर्तमानपत्राचे बोळे, पंख्याखाली दोन रात्री, बोळे सकाळ-संध्याकाळ बदला. उन्हात किंवा गॅसजवळ नको, चामडं आखडतं आणि तळाचा गोंद सुटतो. मग सैल स्क्रू आणि ते दोन खिळे काढा. पक्के असलेल्या तीन खिळ्यांना हात लावू नका, त्यांनीच हील जागेवर धरलीय.

मऊ झालेला पुठ्ठा खरवडून काढा. त्या जागेवर दीड मिलीमीटर जाडीच्या कडक फायबर शीटचा किंवा तळाच्या चामड्याचा तुकडा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, सोल्युशनने, म्हणजे मोचीच्या रबरी गोंदाने चिकटवा. सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. ओलं असतानाच चिकटवलं की आतला द्रव अडकतो आणि पकड येत नाही. पावसाळी हवेत पंधराची पंचवीस मिनिटंही लागतात, घड्याळ नको, बोट लावून बघा.

मग स्क्रू. जुन्यापेक्षा एक आकार जाड, लांबी पाऊण इंचाच्या आसपास, डोक्याखाली छोटा वॉशर. जास्त लांबीचा मोह नको: हील वर रुंद असते पण खाली झपाट्याने निमुळती होते, आणि लांब स्क्रू जरा तिरका गेला तर पुढच्या बाजूने चामडं फोडून बाहेर येतो. दिशा हीलच्या दांड्याची धरा, बुटाच्या उताराला काटकोन करू नका. इथेच बहुतेक चुकतात. स्क्रू हाताने पिळा. ड्रिल मशीनने सेकंदात प्लास्टिकचे आटे कापले जातात.

दोन नवे खिळे जुन्या भोकांपासून चार-पाच मिलीमीटर सरकवून, अंगावर वळ्या असलेले खिळे मिळाले तर उत्तम. ठोकताना हीलचं टोक लोखंडी ऐरणीवर टेकलेलं हवं. हवेत धरून ठोकलं की मार पुठ्ठ्यावर बसतो आणि उरलेले तीनही सैल होतात. शेवटी खिळ्यांच्या डोक्यांवरून बोट फिरवा. एकही लागता कामा नये, नाहीतर तो मोज्यातून टाचेत जाईल. मग स्पंज आणि अस्तर त्याच सोल्युशनने परत.

वाकडी_वाट | १० जुलै, सकाळी ७:५०

रापी यांच्याशी जवळपास सहमत, पण एका ठिकाणी नाही. जाड स्क्रूने प्लास्टिकची हील वरून चिरते, विशेषतः जुनी असेल तर. मी भोकात दोन भागांचं इपॉक्सी भरून मूळ मापाचाच स्क्रू घालणं पसंत करते. स्क्रूला आधी मेण चोळायचं, म्हणजे पुढे निघतो. चोवीस तास हात लावायचा नाही.

रापी_आणि_आरी | १० जुलै, सकाळी ८:३०

इपॉक्सी चालतं, पण हीलच्या गुळगुळीत प्लास्टिकला ते नीट चिकटत नाही. एका झटक्यात अख्खी गुल्लीच स्क्रूसकट बाहेर येते, मी हातात धरलीय ती. आतून आरीने खरवडून खडबडीत केलं तर बरं. जुन्या, पिवळट पडलेल्या प्लास्टिकला तुमचा मार्ग, नव्याला माझा, असं म्हणू.

वाकडी_वाट | १० जुलै, सकाळी ८:४१

खरवडायचंच असतं, ते लिहायचं राहिलं. नव्यालाही मी हेच करते तरी.

शलाका_डोंबिवली | ११ जुलै, रात्री ९:३०

बूट कोरडे केले. मोचीदादांना स्क्रू-वॉशरचं समजावलं. आधी हसले, मग म्हणाले बरोबर आहे, पण गिऱ्हाईक थांबत नाही म्हणून खिळा मारतो. संध्याकाळी स्टॉलवर ठेवून आले, आज घेतला. हील आता हलत नाही. जाड स्क्रू घातलाय. आता टिप. ते म्हणतात डाव्याची चांगली आहे, एकाचीच बदलू. आणि त्यांच्या डब्यातली टिप थोडी मोठी आहे, "घासून बरोबर करतो" म्हणाले. उजव्याची जुनी टिप अजून काढलेली नाही.

रापी_आणि_आरी | ११ जुलै, रात्री १०:१०

दोन्ही बदला. नवी टिप पाच-सहा मिलीमीटर जाड, तुमची डावी अर्धी उतरलेली असेल तर दोन पायांत दोन-तीन मिलीमीटर फरक पडतो. कमरेला तो कळतो आणि जास्त भार पडणारी बाजू पुन्हा लवकर झिजते.

टिप थोडी मोठी असणं चांगलंच, कडा घासून हीलला मिळवता येतात. लहान कधीच घेऊ नका, कारण हीलची उघडी राहिलेली कड फुटते. पण खरं माप पिनचं. या पिना साधारण अडीच ते सव्वातीन मिलीमीटरच्या येतात. जुनी निघाली की तिची पिन आणि नवीची पिन शेजारी ठेवून बघा. व्हर्नियर नसेल तर ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू भोकात घालून बघता येते: तीनची जेमतेम जाते आणि अडीचची लुडबुडते, तर तुम्हाला तीन हवी. बारीक पिन पेव्हर ब्लॉकमध्ये निघून जाते. जाड पिन ठोकली तर आतली नळी खाली सरकते किंवा हीलचा तळ उभा चिरतो, आणि ही चीर आठ-दहा दिवसांनी दिसते.

काढताना जंबुरचे जबडे टिप आणि हीलच्या मधल्या रेषेत घाला, हीलच्या बाजूला चामड्याची चिंधी ठेवा. आधी टिप जागच्या जागी थोडी डावी-उजवी पिळा, म्हणजे पावसाने धरलेला गंज सुटतो, मग सरळ बाहेर. बाजूला उचकटायचं नाही, तिथेच हील फुटते. तुमची उजवी टिप इतकी उतरलीय की प्लास्टिक हातात येऊन पिन आत राहू शकते. तसं झालं तर दोन मिलीमीटर जरी बाहेर असेल तरी निपरने पकडून फिरवत निघते. आतच मोडली तर मात्र स्टेशनवर ड्रिल मारू देऊ नका. पोलादी नळीत पोलादी पिन, बिट हमखास घसरून प्लास्टिकमध्ये जातं. ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट बनवणाऱ्यांकडे न्या, तिथे टिपांची मापंही मिळतात.

खटपट्या | ११ जुलै, रात्री १०:२५

पिन जरा सैल असेल तर थेंबभर फेव्हिक्विक? इथे तरी चालेल ना?

रापी_आणि_आरी | ११ जुलै, रात्री १०:४०

थेंबसुद्धा नको. पुढच्या वेळी टिप काढताना नळीच वर येईल. पिन ऐरणीवर आडवी ठेवून हलकीशी चपटी करा, दोन बाजूंनी धरते. पण हे दहाव्या हिश्शाच्या फरकाला, अर्ध्या मिलीमीटरला नाही.

वाकडी_वाट | ११ जुलै, रात्री ११:००

पावसाळ्यात एक थेंब सोल्युशन मी लावते, फेव्हिक्विक नाही. पाणी आत जात नाही म्हणून गंज कमी, आणि ते रबरासारखं असल्याने निघतंही.

रापी_आणि_आरी | ११ जुलै, रात्री ११:०८

कोरडी ठोकलेली पिन बरोबर मापाची असेल तर गरज नाही.

वाकडी_वाट | ११ जुलै, रात्री ११:१२

बरोबर मापाची मिळाली तर.

लोअरपरळकर_सीमा | १२ जुलै, सकाळी ८:०५

माझा सोपा प्रश्न. जाड ब्लॉक हीललाही असंच?

रापी_आणि_आरी | १२ जुलै, दुपारी १:१५

नाही, तिथे बहुधा रबराचा तुकडा खिळ्यांनी आणि सोल्युशनने लावलेला असतो. जुना तुकडा काढा, तळ कानशीने खडबडीत करा, नवा पाच-सहा मिलीमीटरचा चिकटवून चुका, म्हणजे बारीक खिळे मारा, मग मोचीच्या रापीने कडा उतरवा. चुकांची डोकी रबरात जरा खोल गेली पाहिजेत, नाहीतर तुम्हालाही टक्‌ टक्‌ ऐकू येईल.

शलाका_डोंबिवली | १३ जुलै, रात्री ९:४५

दोन्ही टिपा बसल्या. उजवी पिनसकट निघाली, गंजलेली होती. जुनी तीनची, नवीपण तीनचीच मिळाली. पण उजव्या हीलचा तळच बाहेरून थोडा तिरका झिजला होता, तो मोचीदादांनी घासून सपाट केला, मग टिप ठोकली. घरी टाइलवर ठेवून बघितलं तर डावा नीट टेकतो. उजव्याच्या टिपखाली आतल्या बाजूने कागद सरकतोय, बाहेरून नाही.

रापी_आणि_आरी | १३ जुलै, रात्री १०:२०

म्हणजे टिप बाहेरच्या कडेवर उभी आहे. आधी बूट पायात घालून वजन देऊन बघा आणि दुसऱ्या कुणाला कागद सरकवायला सांगा, कारण रिकामा बूट कधी कधी खोटं सांगतो. तरीही सरकला, तर १२० नंबरचा पॉलिशपेपर सपाट फळीवर ठेवून टिपची बाहेरची बाजू घासा. चार-पाच हात मारले की परत कागद लावून बघा. एकदम घासून टाकू नका, पुढच्या झिजेला प्लास्टिक उरलं पाहिजे. हीलचं चामडं कागदाला लागू नये म्हणून कडेला चिकटपट्टी लावून घ्या. आणि उजवा तळ किती घासला ते मोजलंत का? दीड-दोन मिलीमीटरपर्यंत असेल तर डाव्याची टिप तेवढी उतरवून उंची मिळवता येते.

शलाका_डोंबिवली | १३ जुलै, रात्री १०:५०

दोन्ही बूट शेजारी उभे करून मागून पट्टी लावली. जेमतेम एक मिलीमीटरचा फरक. घातल्यावर कागद आता सरकत नाही, पण आईने कागद जोरात दाबला तर कोपऱ्यात जरासा जातो.

आबा_गिरगावकर | १४ जुलै, सकाळी ६:३०

कागद कसला घेतला होता? वर्तमानपत्राचा की जाड?

शलाका_डोंबिवली | १४ जुलै, सकाळी ९:१०

लाइट बिलाचा, आबा. वर्तमानपत्र लावून बघते आज.